जुनं पेज साफ करताना कुठली पोस्ट ठेवायची, कुठली दुरुस्त करायची, कुठली काढायची

"आमचं सांगलीत हळद, बेदाणा आणि घरगुती मसाल्याचं छोटं ऑनलाइन स्टोअर आहे. फेसबुक आणि इन्स्टाचं पेज २०१६ पासनं, पोस्टी साडेसहाशेच्या वर. वेबसाइट २०२१ ला केली. गेल्या वर्षी महिन्याला ५०-६० ऑर्डरी यायच्या, आता कशाबशा २० येतात. मिस्टर म्हणतात सगळं डिलीट मारू आणि नव्यानं सुरू करू. मला जिवावर येतंय. नक्की काय ठेवू आणि काय उडवू?"

ताई, सगळं डिलीट तेवढं करू नका. मी साताऱ्यात बसून नऊ-दहा वर्षं छोट्या दुकानदारांची पेजेस सांभाळतोय आणि असली साफसफाई बऱ्याचदा केलीय, एकदोनदा चुकून नको ते उडवून बोलणीही खाल्लीत. जुन्या पोस्टी काढल्या की रीच वाढतो असं लै जण छातीठोक सांगतात, पण माझ्या एकाही गिऱ्हाइकाकडं नुसतं डिलीट केल्यानं रीच वाढलेला मी बघितला नाही. साफसफाईचा फायदा वेगळाच असतो. तुमचा रील बघून किंवा कुणीतरी पाठवलेली जुनी पोस्ट बघून एखादी बाई पेजवर येते, हळद घ्यायचं तिच्या मनात असतं, आणि समोर काय, तर चार वर्षांपूर्वीचा रेट, बंद पडलेला नंबर, नाहीतर न उघडणारी लिंक. ती परत जाते आणि तुम्हाला कळतही नाही. अशा माणूस परत फिरवणाऱ्या जागा शोधायच्या, एवढंच हे काम आहे.

पण त्याच्या आधी अर्धा तास एक गोष्ट बघा, नाहीतर पेज घासूनपुसून चकाचक होईल आणि ऑर्डरी २० च्या २०च राहतील. वेबसाइटच्या रिपोर्टमध्ये गेल्या वर्षीचे आणि या वर्षीचे तेच तीन महिने समोरासमोर ठेवा. ऑगस्टची तुलना मार्चशी करू नका, मसाल्याच्या धंद्यात त्याला काही अर्थ नाही. फेसबुक-इन्स्टावरनं साइटवर येणारी माणसंच निम्म्यावर आली असतील तर गडबड पेजकडं आहे. माणसं तेवढीच येतायत, कार्टात मालही टाकतायत आणि पैसे भरायच्या पानावरनं पळतायत, तर गडबड दुकानात आहे, बहुतेक वेळा डिलिव्हरी चार्जात. अडीचशेच्या हळदीवर शेवटच्या पानावर अचानक ९० रुपये दिसले की आपणसुद्धा टॅब बंदच करतो की. तसं असेल तर पोस्टींना हात लावायच्या आधी ते नीट करा.

आता गडबड पेजकडंच आहे असं धरून पुढं सांगतो. कराडकडचं एक गूळ-काकवीचं स्टोअर होतं, तुमच्यासारखंच घरचं, ४१२ पोस्टी. त्यांच्याकडं काय केलं तेच सांगतो.

आम्ही सुरुवात पेजपासनं केली नाही, व्हॉट्सअॅपपासनं केली. आधीच्या दोन महिन्यांत नवीन माणसांनी पाठवलेले पहिले मेसेज काढले, १४३ निघाले. त्यातल्या ३८ जणांचा प्रश्न कुठल्यातरी जुन्या पोस्टीमुळं आलेला होता. २१ जण जुना रेट धरून बसलेले, "तुमच्याच पेजवर तर कमी लिहिलंय" असं, ९ जणांनी लिहिलं होतं की पहिला नंबर लागत नाही, आणि ८ जणांची लिंक उघडत नव्हती. प्रत्येकाला विचारलं की कुठं बघितलं, स्क्रीनशॉट पाठवता का. ३८ जणांचा माग काढला तर पोस्टी निघाल्या फक्त ११. म्हणजे ४१२ मधल्या ११ पोस्टी रोज त्रास देत होत्या आणि बाकीच्या नुसत्या पडून होत्या. तुमच्याकडं आकडे वेगळे येतील, पण त्रास देणाऱ्या पोस्टी थोड्याच असतात हे मी जवळपास प्रत्येक पेजवर बघितलंय. साडेसहाशे पोस्टी बघून घाबरायचं कारण नाही.

मग एक साधी शीट केली. पोस्टची लिंक, तारीख, विषय, सेव्ह आणि शेअर किती, त्यात आज खोटं ठरणारं काय आहे, आणि निर्णय. लाइकचा रकाना मी मुद्दाम ठेवत नाही, कारण लाइक बघितले की हात थरथरतो. दुकानाच्या उद्घाटनाच्या फोटोला चारशे लाइक असतात, सगळे पाहुणे आणि शाळेतले मित्र, त्यातनं एक किलो गूळ जात नाही. सेव्ह मात्र खरा असतो. पोस्ट सेव्ह करणाऱ्या माणसाला ती परत उघडायची असते. एक अडचण अशी की इन्स्टाचं अकाउंट बिझनेसचं करायच्या आधी टाकलेल्या पोस्टींचे असले आकडे मिळत नाहीत, तिथं कमेंटी वाचूनच अंदाज बांधावा लागतो.

प्रत्येक पोस्टला तीनच प्रश्न विचारायचे, आणि ह्याच क्रमानं. ह्यात आज काही खोटं किंवा धोक्याचं आहे का? हिच्यावर अजून कुणी येतं का? आणि खोटं असलेलं दुरुस्त होण्यासारखं आहे का? खोटं नाही आणि कुणी येतही नाही, तर सोडून द्या. खोटं आहे, माणसं येतात आणि दुरुस्त होतं, तर दुरुस्त करा. खोटं आहे आणि दुरुस्त होत नाही, तर अर्काईव्ह. डिलीट फक्त धोक्याच्या पोस्टींसाठी. अर्काईव्ह केलेली पोस्ट लोकांना दिसत नाही पण तुमच्याकडं कमेंटी-आकड्यांसकट राहते आणि कधीही परत लावता येते. डिलीट केलेली इन्स्टावर ३० दिवस राहते, नंतर गेली ती गेलीच. आणि काहीही करायच्या आधी दोन्हीकडच्या सेटिंगमधनं पेजचा सगळा डेटा डाउनलोड करून एका पेनड्राइव्हवर टाका, हे मिस्टरांना लावा कामाला.

दुरुस्त काय होतं आणि काय होत नाही ह्यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे. कॅप्शन कधीही बदलता येतं. पण टाकलेल्या पोस्टीतला फोटो इन्स्टावर बदलता येत नाही, तीनचार फोटोंची पोस्ट असेल तर त्यातला एखादा काढता येतो एवढंच. आता आपल्याकडं सवय काय, तर रेट, नंबर, पत्ता, "फ्री होम डिलिव्हरी" सगळं फोटोवरच छापायचं, खाली हळदी रंगाची पट्टी मारून. कॅप्शनमध्ये चुकलं तर दोन मिनिटांत नीट होतं, फोटोत चुकलं तर होत नाही. तुमच्या २०१६ ते २०२० च्या पोस्टींत हेच सगळ्यात जास्त सापडेल बघा.

कराडवाल्यांच्या चार पोस्टी सांगतो, म्हणजे निर्णय कसा घ्यायचा ते कळेल.

पहिली ऑगस्ट २०१९ ची. महापूर आलेला, त्यांनी फेसबुकवर टाकलेलं, "पुरामुळं कुरिअर बंद, पुढील सूचना येईपर्यंत ऑर्डर घेत नाही." लोकांनी काळजीनं ती लै शेअर केली, पेजवरची सगळ्यात जास्त शेअर झालेली पोस्ट तीच. आणि पुढची सूचना ह्यांनी कधी टाकलीच नाही, कामाच्या गडबडीत राहूनच गेलं. आता फेसबुक दर ऑगस्टला लोकांना आठवणी दाखवतं, कुणीतरी दरवर्षी ती परत शेअर करायचं, आणि दरवर्षी ऑगस्टात दोनचार मेसेज, "ऑर्डर बंद आहेत का?" मालक म्हणाले काढून टाकू. मी नको म्हटलं, कारण मूळ पोस्ट काढली की शेअर केलेल्या सगळ्या ठिकाणी 'हा मजकूर उपलब्ध नाही' असं दिसतं, आणि बघणाऱ्याला वाटतं दुकानच बंद झालं. त्यापेक्षा मूळ पोस्टीची पहिली ओळ बदलली, "ही ऑगस्ट २०१९ ची सूचना आहे, आता ऑर्डरी रोज जातात." मूळ बदललं की शेअर झालेल्या ठिकाणीही बदललेलंच दिसतं, एका ओळीत काम झालं. तुम्ही सांगलीतल्या, म्हणजे २०१९ आणि २०२१ दोन्ही पुरांच्या आणि मधल्या लॉकडाऊनच्या सूचना तुमच्या पेजवर असणारच. पहिल्यांदा त्याच शोधा.

दुसरी काकवीच्या पोळीची रेसिपी, २०२० ची. लाइक साठ-सत्तर, पण सेव्ह साडेतीनशेच्या वर आणि दर आठवड्याला एखादी कमेंट अजून यायची. फोटोच्या खालच्या पट्टीत मात्र बंद पडलेला नंबर. फोटो बदलता येत नाही, आणि अर्काईव्ह केली तर सेव्ह केलेल्या साडेतीनशे जणांच्या यादीतनं पण ती दिसेनाशी होते. इथं आम्ही पोस्ट ठेवली आणि कॅप्शनची पहिलीच ओळ केली, "फोटोतला नंबर बंद आहे, ऑर्डरसाठी बायोतली लिंक." पहिलीच ओळ म्हणतोय, कारण बाकीचं 'आणखी वाचा' च्या खाली जातं आणि तिथवर कुणी जात नाही. शिवाय ते जुनं सिम ड्रॉवरमध्ये पडलेलं सापडलं आणि चालू निघालं, त्यात रिचार्ज मारून कॉल नव्या नंबरवर वळवले. फोटोत छापलेल्या नंबरवर ह्याच्याइतका स्वस्त उपाय नाही. पण सिम बंद होऊन तो नंबर कंपनीनं दुसऱ्या कुणाला दिला असेल तर मात्र तसल्या पोस्टी ठेवू नका, तुमचं गिऱ्हाईक भलत्याच माणसाला फोन करतंय.

तिसरी पोस्ट त्यांची आवडती, सगळ्यात जास्त लाइकवाली. "काकवीनं रक्त वाढतं, शुगरवाल्यांनाही बिनधास्त चालते." ही बघितल्याबरोबर डिलीट केली, अर्काईव्ह नाही, दुरुस्ती नाही. मालकांना लै वाईट वाटलं. पण काकवी म्हणजे साखरच की हो, शुगरचा पेशंट बिनधास्त खाऊन बसला तर काय? आणि खाण्याच्या मालानं आजार बरा होतो असं जाहिरातीत सांगायला एफएसएसएआयच्या २०१८ च्या जाहिरात-दाव्यांच्या नियमांनी मनाई आहे. पोस्ट जुनी आहे हे कारण चालत नाही, ती आज दिसतेय म्हणजे आजचीच जाहिरात. तुमच्याकडं हळद आहे म्हटल्यावर हे जरा जास्तच बघावं लागेल. हळदीनं कॅन्सर बरा, हळदीच्या दुधानं कोरोना पळाला, २०२० मध्ये असलं सगळ्यांनीच टाकलेलं. फेसबुक पेजच्या सर्चमध्ये 'कोरोना', 'शुगर', 'कॅन्सर', 'सांधेदुखी' असे शब्द टाकून, आणि इन्स्टावर कॅप्शन वाचून, एकेक काढा. रंग, वास, भाजीला किती लागते, राजापुरी म्हणजे काय, हे लिहिलेलं राहू द्या. आणि सांगली हळदीला जीआय आहे हे खरं, पण जीआयचा शिक्का पोस्टींवर छापला असेल आणि तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी नसेल तर त्या पोस्टी पण खाली घ्या.

चौथी साधीच, "आजची डिस्पॅच!" म्हणून टेबलावर रचलेल्या पार्सलांचा फोटो. मोठा करून बघितला तर तीन गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, मोबाइल नंबर स्वच्छ वाचता येत होते. असल्या १९ पोस्टी निघाल्या, सगळ्या डिलीट. त्याच दिवशी पैसे घ्यायच्या क्यूआर कोडचे फोटो पण शोधले, कारण एक कोड वेगळ्या राहणाऱ्या भावाच्या खात्याचा होता, आणि कुणीतरी तिकडं पैसे टाकून ऑर्डरीची वाट बघत बसलं असतं. क्यूआर कोड पोस्टीत टाकायचाच नसतो, पण ते असो.

लिंकांचं वेगळं सांगतो, कारण इथं लोक उगाच राबतात. इन्स्टाच्या कॅप्शनमधली लिंक दाबली जातच नाही, ती विसरा. फेसबुकवरच्या जुन्या पोस्टींतल्या लिंका मेल्या असतील तर पोस्ट एकेक करून दुरुस्त करू नका. तुम्ही मधे कधीतरी प्रॉडक्टचं नाव बदललं असेल, त्यानं पत्ता बदलला आणि जुन्या सगळ्या लिंका मेल्या. हे दुकानाच्या बाजूनं नीट होतं, जुना पत्ता नव्याकडं वळवायचा. शॉपिफायवर असाल तर URL Redirects मध्ये, वर्डप्रेसवर असाल तर Redirection नावाचं प्लगइन आहे. वरचा जुना, खालचा नवा, असं भरायचं:

```
/products/halad-1kg
/products/rajapuri-halad
```

कराडवाल्यांकडं अशा सहा ओळी भरल्या आणि ४० च्या वर पोस्टींतल्या लिंका एका दमात जिवंत झाल्या. विकायचं बंद केलेलं प्रॉडक्ट असेल तर त्याच्या सगळ्यात जवळच्या मालाच्या पानावर वळवा, होमपेजवर नको, होमपेजवर टाकलं की माणसाला वाटतं चुकून आलो. तसंच व्हॉट्सअॅपच्या लिंकेत थेट नंबर घालण्याऐवजी तुमच्या साइटवर /whatsapp असा पत्ता करून तो नंबरकडं वळवा आणि पोस्टीत तोच द्या. उद्या नंबर बदलला तर एकाच ठिकाणी बदलायचा.

रेटचंही तसंच. २०२३ मध्ये हळद कशी चढली ते तुम्हाला मी सांगायला नको. पोस्टीत आकडा लिहिला की तो कधीतरी खोटा ठरणारच, आणि कराडवाल्यांच्या २१ भांडणांचं मूळ तेच होतं. कॅप्शनमधले आकडे काढून "आजचा रेट वेबसाइटवर" एवढंच लिहिलं. फोटोवरच छापलेले जुने रेट मात्र सरळ अर्काईव्ह केले, त्यातली जी पोस्ट चालत होती ती बिनरेटच्या फोटोनं परत टाकली.

आता राहिला मोठा ढीग. दिवाळीच्या शुभेच्छा, गुढीपाडवा, १५ ऑगस्ट, "सुप्रभात". हे एकेक बघत बसू नका, चार दिवस जातील. फेसबुकवर तसंच पडू द्या, कुणी खाली स्क्रोल करत नाही आणि त्यात खोटं काही नाही. इन्स्टावर मात्र नवा माणूस पहिल्या १२-१५ चौकटी बघूनच ठरवतो, त्यातल्या नऊ शुभेच्छा असतील तर त्याला कळतच नाही तुम्ही काय विकता. Your activity मध्ये जाऊन पोस्टी एकदम सिलेक्ट करून अर्काईव्ह करता येतात, अर्ध्या तासाचं काम. वर पिन करायला तीन जागा मिळतात, त्यात एक माल आणि ऑर्डर कशी करायची, एक डिलिव्हरी किती दिवसांत आणि कितीला, आणि एक सगळ्यात जास्त सेव्ह झालेली रेसिपी किंवा माहिती.

तक्रारीच्या कमेंटी असलेल्या पोस्टी लपवायचा मोह होईल, तो आवरा. "ऑर्डर आली नाही" खाली दोन वर्षांनी का होईना, "ताई, तेव्हा पैसे परत केले होते" असं खरं उत्तर दिसलं तर ते नवीन माणसाला बरं वाटतं. आणि एखाद्या पोस्टीवर अॅड चालू असेल तर ती काढली की अॅडही बंद पडते, म्हणून अॅड मॅनेजर आधी उघडून बघा.

माझी चूक पण सांगतो. एका मसालावाल्यांचं पेज मी जुलैत साफ केलं, मागच्या ९० दिवसांचे आकडे बघून. मिरच्या कुठल्या घ्यायच्या, किलोला खडा मसाला किती, अशा पोस्टींवर एकही माणूस दिसत नव्हतं, मेल्या म्हणून अर्काईव्ह केल्या. मार्चमध्ये त्यांचा फोन, दरवर्षी येणारे "मसाल्याचं प्रमाण पाठवा" वाले मेसेजच आले नाहीत. साहजिकच आहे, चटणी लोक उन्हाळ्यात करतात, जुलैत ती पोस्ट कोण बघणार. अर्काईव्ह होतं म्हणून परत लावता आलं, डिलीट मारलं असतं तर कमेंटींतली सगळी प्रश्नोत्तरंही गेली असती. तेव्हापासनं मी बारा महिन्यांचे आकडे बघितल्याशिवाय कुठल्याच पोस्टला मेलेली म्हणत नाही. तुमचा बेदाणा, हळद, मसाला, तिन्ही सीझनचे धंदे, त्यामुळं हे तुम्हाला डबल लागू.

कराडवाल्यांचा हिशोब शेवटी असा झाला: ९६ ठेवल्या, ६१ दुरुस्त केल्या, २२८ अर्काईव्ह, आणि डिलीट फक्त २७. तीन संध्याकाळी आणि एक रविवार गेला. पुढच्या दोन महिन्यांत रीच होता तेवढाच राहिला. जुन्या रेटवरनं भांडणारे २१ चे ४ झाले. ऑर्डरी ३४ वरनं ४७ वर गेल्या, पण तोवर गुऱ्हाळं सुरू होऊन नवा गूळ आलेला, त्यामुळं ती सगळी वाढ मी साफसफाईच्या नावावर लावणार नाही.

तुम्ही फेब्रुवारीत यार्डात नवी हळद यायच्या आधी हे उरकून घ्या. आधी पुराच्या आणि लॉकडाऊनच्या सूचना, मग औषधी दावे, पार्सलचे फोटो आणि क्यूआर, मग व्हॉट्सअॅपवरनं सापडलेल्या त्रासदायक पोस्टी. एवढं झालं की बाकीच्या पाचशेंना हात नाही लावला तरी चालेल. आणि बघताना तुमच्या फोनवर बघू नका, शेजारच्या काकूंच्या फोनवर पेज उघडा, त्यांना म्हणा "अर्धा किलो हळद मागवा," आणि त्या कुठं अडकतात ते गप्प बसून बघा.